पौषातली सस्ताई आणि वैशाखातले नारळ

दादा वारले त्या दिवशी गावचा बाजार होता. सकाळी त्यांनी दुकान उघडलं, गादीवर चादर घातली आणि पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन आलो तेव्हा ते गेले होते. मी दुकान बंद केलं.

तेरावं झालं, माणसं आपापल्या गावी गेली. आता गादीवर मी बसतो. हात कामाला लागत नाहीत आणि डोकं तर मुळीच लागत नाही. दुपारच्या वेळी गेवराईचा रस्ता रिकामा पडतो. तेव्हा मी चार ओळी लिहितो आणि थांबतो. दादांविषयी लिहायचं म्हणून बसलो, पण आठवतो तो एकच पौष आणि त्याच्यामागून आलेला उन्हाळा. त्यांच्या आयुष्यात त्याहून मोठ्या गोष्टी घडल्या असतील. मला हीच आठवते, कारण आम्ही दोघं भाऊ एका गोष्टीकडे इतके दिवस मिळून कधीच पाहत बसलो नव्हतो.

आमचं दुकान कापडाचं. वडील गेल्यावर दादांनी ते सांभाळलं, आणि मी औरंगाबादेतलं शिक्षण अर्धं ठेवून परत आलो. शाळेत मी कधी शिकवलं नाही, तरी दादा मला मास्तर म्हणायचे. पुस्तक हातात दिसलं की विचारायचे, "मास्तर, यात लुगड्याचा भाव लिवलाय का?" मी नाही म्हणायचो. "मग मिटवा," म्हणायचे, आणि स्वतःच हसायचे. आमच्या घरात हसणारे तेच एकटे होते.

दुकानात दोन जातींचा माल असायचा. एक गिरणीचा. तो सोलापूर-मुंबईकडून जालन्याच्या टेसनावर उतरायचा आणि तिथून बैलगाडीनं यायचा. दुसरा गावातला. वेशीजवळ एक विणकर राहत. वडिलांच्या वेळेपासून आम्ही त्यांना सूत द्यायचो आणि ते आम्हाला लुगडी विणून द्यायचे. त्यांना आम्ही काका म्हणायचो. त्यांच्या घरात खड्ड्याचा एक माग होता. काका खड्ड्यात पाय सोडून बसत, काकी सुताच्या कांड्या भरत, मुलगा उभ्या धाग्यांचा ताणा लावायला मदत करी. त्या लुगड्याचा काठ धुऊनधुऊन विरला तरी रंग सोडत नसे. पण खरं सांगायचं तर लोक ते घ्यायचे लग्नासाठीच. रोजच्या नेसण्याला गिरणीचं स्वस्त पडायचं.

आणि लग्नाचं कापड म्हणजे बस्ता. आमच्याकडे मुलाकडची आणि मुलीकडची माणसं एकत्र येऊन सगळं कापड एकाच दुकानातून, एकाच बैठकीत घेतात. नवरीची लुगडी, नवऱ्याचं धोतर-पागोटं, आत्या-मावश्या-विहिणींचा आहेर, सगळं. आधी नवरीचं पिवळं लुगडं उलगडायचं, त्याला हळदकुंकू लावायचं, मग बाकीचं. शेवटी गठ्ठा बांधला की दुकानदारानं त्यावर नारळ ठेवायचा. वडिलांनी हे कधी चुकवलं नाही, दादांनीही नाही. एका बस्त्याला एक नारळ. गरिबाच्या बस्त्यालाही एकच आणि पाटलाच्या बस्त्यालाही एकच. लगीनसराई सुरू होण्याआधी शेजारच्या किराणेवाल्याकडून नारळाचं एक पोतं आणून कोपऱ्यात ठेवलेलं असायचं.

पौषात मात्र बस्ता नाही. तो महिना भाकड. लग्न नाही, साखरपुडा नाही, शुभाची खरेदी नाही. संक्रांतीची दोन-चार काळी लुगडी गेली की दुकानात माशा हाकत बसायचं.

त्या साली दादा कार्तिकात सोलापूरला गेले होते. तिथल्या एका मोठ्या दुकानानं भाव उतरवून माल काढलेला त्यांनी पाहिला. दारावर कागदी पताका, आत पाय ठेवायला जागा नाही. परत आले ते तेच डोक्यात घेऊन. संक्रांत होताच त्यांनी जाहीर केलं की पौषी अमावास्येपर्यंत दुकानातलं प्रत्येक कापड उतरत्या भावानं मिळेल. गिरणीचं आणि काकांचंही. दवंडीवाल्याला गावोगाव पाठवलं. फक्त गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, अलीकडच्या गावांना. पलीकडे जायचं म्हणजे नावेची वाट बघत बसायचं, आणि दवंडीवाल्याला पाण्याचं भय होतं. दादा म्हणाले, राहू दे, अलीकडची आली तरी लई झाली.

आली. इतकी आली की दुसऱ्या दिवशी आम्ही दाराला बांबू आडवा लावला. बाया ओट्यावर बसल्या, पुरुष रस्त्यावर उभे राहिले, गाड्या पार चावडीपर्यंत लागल्या. दादांचा घसा बसला. गंगेकाठी मेंढरं घेऊन उतरलेले धनगरही आले. एरवी ते आमच्या दुकानाची पायरी चढत नसत, फेरीवाल्याकडून घ्यायचे. त्यांच्या बायका गादीपासून लांब उभ्या राहून लेकरांच्या अंगरख्यांचं कापड बोटांनी दाखवायच्या. अमावास्येला मांडण्या रिकाम्या झाल्या. मी त्या रिकाम्या फळ्या पुसत होतो. दादा गादीवर आडवे झाले होते. बसक्या आवाजात ते म्हणाले की वडिलांनी इतकी वर्षं पौष फुकट घालवला.

दुसऱ्या दिवशी ते काकांकडे गेले. मीही बरोबर होतो. एवढं कापड भाकड महिन्यात खपतं तर वैशाखात किती खपेल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी काकांना दुसरा माग घालायला सांगितला. सूत दुप्पट पाठवतो, म्हणाले. काकांनी गोठ्याची भिंत थोडी सरकवली, तिथं खड्डा खणला, सुताराकडून लाकूडकाम करून घेतलं. गुरं बाहेर बांधली. दुसऱ्या मागावर मुलगा बसला. त्याचं त्याच वर्षी लग्न ठरलं होतं, आणि आता घरात दोन माग झाले म्हणून काकी सगळ्यांना सांगत होत्या.

मग माघ आला. माघात लग्नं असतात. बस्ते आले, पण बारीक. फाल्गुनात तसंच. दादा म्हणाले, होळी होऊ दे. होळी झाली. चैत्रात लग्नं नसतातच, म्हणून त्याचं काही वाटून घेतलं नाही. वैशाख लागला. उन्हानं रस्त्यावरची माती पिठासारखी झाली. काकांच्या घरून दर आठवड्याला दोन मागांचा माल यायचा, आणि मांडणीवर चढत जायचा. पौषात पुसलेल्या फळ्या आता वाकायला आल्या. दादा हसायचे थांबले. गिऱ्हाइकाला चहा विचारायचं विसरू लागले.

वैशाखाच्या अर्ध्यात त्यांनी काकांचं सूत बंद केलं. एका मागाचं नाही, दोन्ही मागांचं. लोकांचं मन हातमागावरून उडालं, असं त्यांनी ठरवून टाकलं. पौषात लोकांना स्वस्त कापडाची चव लागली, आता पुऱ्या भावाचं काकांचं लुगडं कोण घेणार. पुढच्या सालापासून फक्त गिरणीचा माल ठेवायचा. पौषात त्यांना वाटलं होतं की धंदा दुप्पट झाला. वैशाखात त्यांना वाटलं की अर्धा मेला. दोन्ही वेळा ते मांडणीकडेच बघत होते.

सूत बंद झाल्यावर काका दुकानात आले. ओट्यावर बसले. पाणी घेतलं नाही. दादा आत मालाची गाठ सोडत होते, ते बाहेर आले नाहीत. काका मला म्हणाले, "लेका, सूत न्हाई तर मी त्या खड्ड्यात बसून काय करू? पाय धुऊ?" मग ते म्हणाले की सोलापूरच्या गिरणीत माणसं घेतायत, त्यांच्या साडूचा निरोप आलाय. ज्येष्ठाच्या पहिल्या बाजारापर्यंत वाट पाहतील, नंतर घर बंद करून सगळीच जातील. एकट्या मुलाला परक्या गावी पाठवायची काकींची तयारी नव्हती. बोलताना त्यांचा आवाज चढला नाही. ते उठले, वहाणा शोधू लागले, आणि एक वहाण दुसऱ्याच कुणाच्या वहाणेत अडकली होती ती सोडवत बराच वेळ उभे राहिले.

काका गेले तर तसलं लुगडं विणणारं तालुक्यात दुसरं कुणी नव्हतं. हे दादांनाही ठाऊक होतं. पण त्यांना वाटत होतं की विणणारा असून काय, घेणाराच उरला नाही. म्हणजे प्रश्न एवढाच होता, घेणारा उरला आहे की नाही.

मी तेव्हापासून त्याच विचारात होतो. दुकानाच्या विक्रीच्या वहीत पाहिलं. वहीत काही दडलेलं नव्हतं. तिच्यात रोज काय गेलं एवढंच असतं, कुणाच्या घरात आणि कशासाठी गेलं ते नसतं. पौषाच्या पानांवर कापडाचा ढीग होता आणि पुढच्या पानांवर खड्डा. ढीग आणि खड्डा शेजारीशेजारी दिसले की माणसाला शंका यायला हवी की खड्ड्यातली मातीच ढिगावर गेली असेल. मलाही ती आली. पण शंका ही काही उत्तर नव्हे. लोक खरोखरच उठून गिरणीकडे गेले असतील तरी वही अशीच दिसली असती.

आणि दादांचा एक मुद्दा मला तोडता येत नव्हता. मी एकदा चाचरत म्हटलं होतं की लग्नाचं कापड लोकांनी पौषातच नेलं असेल. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "मास्तर, पौषात बस्ता कोण बांधतं बे? तुमच्या पुस्तकात बांधतेत का?" खरंच होतं. त्या पंधरवड्यात आम्ही एकाही लुगड्याला हळदकुंकू लावलं नव्हतं, एकही नारळ दिला नव्हता. म्हणजे पौषात गेलेलं सगळं वरचं, नेहमीच्या बस्त्यांहून वेगळं. हे आमच्या घरात पिढ्यांपासून इतकं पक्कं होतं की मीही तो विषय सोडला.

तो मुद्दा तुटला तो एका म्हातारीमुळे. ती गंगेअलीकडच्या एका गावची, नातीच्या बस्त्याला आली होती. दोन्हीकडची मिळून पंधरा-वीस माणसं गादीवर बसली. मी पिवळं लुगडं उलगडलं, त्यांनी हळदकुंकू लावलं, आणि मी पुढची लुगडी काढायला उठलो तर म्हातारी म्हणाली, बस बाबा, झालं. एक पिवळं आणि नवरदेवाचं एक पागोटं. वीस माणसांच्या बैठकीला दोन कापडं. मी विचारलं, आजी, आहेर?

"आहेर हाय की घरात. पौषात नेला न्हाई का तुज्याच दुकानातून."

मी म्हटलं, पौषात बस्ता बांधत नाहीत ना.

ती माझ्याकडे लहान लेकराकडे पाहावं तशी पाहत राहिली. "बस्ता कुटं बांधला? निसतं कापड घेतलं. बस्ता आज बांधतोय." मग व्याह्याकडे वळून म्हणाली, "लई शिकल्यालं दिसतंय." सगळे हसले. मी नारळ आणायला कोपऱ्यात गेलो.

पोत्यात हात घातला तेव्हा तळ लागला.

मी तिथंच थांबलो. लगीनसराईतलं नारळाचं पोतं दरवर्षी वैशाख सरता सरता संपायचं, मग ज्येष्ठासाठी थोडे सुटे आणायचे. वडिलांच्या वेळीही तसंच. यंदाही ते तेव्हाच संपत आलं होतं. म्हणजे बस्ते नेहमीइतकेच आले होते. माणसं नेहमीइतकीच आली, बसली, पाणी प्याली, हळदकुंकू लावून गेली. फक्त त्यांचे गठ्ठे रोडावले होते. आम्ही मांडणीकडे बघून म्हणत होतो की गिऱ्हाईक तुटलं, आणि गिऱ्हाईक रोज आमच्याकडून नारळ घेऊन जात होतं.

तरी मला घाई करायची नव्हती. गठ्ठा रोडावण्याची दोन कारणं असू शकतात. एक, बाकीचं पौषात घेतलं. दुसरं, बाकीचं आता कुणी घेतच नाही, किंवा दुसरीकडून घेतात. म्हातारी एक झाली. एका म्हातारीवर सगळ्या तालुक्याचं मत ठरवणं हीसुद्धा दादांच्याच जातीची चूक झाली असती.

मग मला दवंडी आठवली. गंगेपलीकडे दवंडी गेलीच नव्हती. पलीकडची गावंही लग्नाला आमच्याकडेच येतात. नावेतून उतरून, गठ्ठे डोक्यावर धरून. पीकपाणी दोन्ही तीरांवर सारखंच झालं होतं. गिरणीचं कापड दोन्हीकडे सारखंच पोचत होतं. लोकांचं मन हातमागावरून उडालं असेल तर ते दोन्ही तीरांवर उडायला हवं. नुसती पौषात खरेदी उरकली असेल, तर अलीकडचे गठ्ठे बारीक आणि पलीकडचे नेहमीसारखे दिसायला हवेत. एवढा एकच फरक दोन काठांमध्ये होता, आणि तो दादांनी, दवंडीवाल्याच्या पाण्याच्या भयापोटी, आपोआप करून ठेवला होता.

त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक बस्त्याला मी दोन गोष्टी विचारू लागलो. गाव कोणतं, आणि पौषात काही नेलं होतं का. अलीकडच्या लोकांचं उत्तर बहुतेक म्हातारीसारखंच. काहींना सांगायला संकोच वाटायचा, भाकड महिन्यात लग्नाचं कापड घरात आणलं म्हणून. ते म्हणायचे, असंच थोडं घेतलं होतं. पलीकडच्यांपैकी एखाद्यानं पाहुण्याकडून सस्ताईचं ऐकून काही नेलं होतं, पण बहुतेकांना पत्ताच नव्हता. आणि त्यांचे गठ्ठे मी स्वतः बांधले. ते पूर्वीसारखेच गठ्ठे होते. पिवळं, त्याच्याखाली काकांची चार-पाच लुगडी, विहिणीचं निराळं, मग गिरणीची. दोरी पुरायची नाही. त्यांनी काकांच्या लुगड्याचा पुरा भाव दिला, नेहमीसारखी घासाघीस करून.

उरलं होतं धनगरांचं. पौषात आलेले सगळेच काही लग्नवाले नव्हते. पौषात नेहमीहून जे वरचढ गेलं, त्यातून मी पुढच्या महिन्यांत नेहमीपेक्षा जे कमी गेलं ते मनातल्या मनात वजा करत होतो. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे भरत होते. पण अगदी सारखे नाही. थोडं उरत होतं. ते उरलेलं कुणाचं, हा प्रश्न होता. पाऊस जवळ आला तशी मेंढरं गंगेकडून डोंगराकडे परत निघाली, आणि वाटेत त्या बायका पुन्हा दुकानात आल्या. या वेळी सस्ताई नव्हती. तरी त्यांनी लेकरांसाठी कापड घेतलं, या वेळी गादीच्या जरा जवळ उभं राहून. म्हणजे उरलेलं यांचं. त्यांची पुढची खरेदी आम्ही पौषात ओढून आणली नव्हती, कारण आधी ते आमच्याकडे येतच नव्हते. सगळ्या पौषाच्या गर्दीतून आमच्या पदरात खरंखुरं नवं पडलं ते एवढंच. बाकी जे वैशाखात पुऱ्या भावानं गेलं असतं तेच आम्ही पौषात उतरत्या भावानं देऊन टाकलं होतं.

हे दादांना सांगायला मी दोन दिवस लावले. सांगायचं कसं हे कळत नव्हतं. त्यांनी त्या पौषासाठी घसा बसवून घेतला होता. आणि ज्येष्ठाचा पहिला बाजार दोन दिवसांवर आला होता.

दुपारी दुकानात कोणी नव्हतं. दादा भिंतीला टेकून बसले होते. पंखा हातात होता, पण हलत नव्हता. मी म्हटलं, "दादा, नारळ आणायला पायजेत."

"परवाच तर पोतं होतं."

"संपलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "गिऱ्हाईक तुटलं म्हणता. मग नारळ कुणी नेले?"

ते उठून कोपऱ्यात गेले, पोतं उचलून झटकलं, आतून नुसत्या शेंड्या पडल्या. पोतं हातात धरूनच ते परत येऊन बसले. मी मग सगळं सांगितलं. म्हातारीचं, दोन काठांचं, धनगरांचं. ते मध्येमध्ये विचारत होते. पलीकडचं ते पाटलाचं घर, त्यांनी किती नेली? मी सांगितलं. पुऱ्या भावानं? हो. अलीकडच्या देशमुखाकडचे? एक पिवळं, एक पागोटं. त्यांना गिऱ्हाइकं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. मी गाव सांगितलं की ते घर सांगायचे, आणि पौषात त्या घरातलं कोण येऊन किती वेळ बसलं होतं तेही. मी काही सांगतो आहे असं हळूहळू राहिलंच नाही. ते स्वतःच एकेक घर उलगडत होते.

शेवटी म्हणाले, "म्हंजी आमी आमचाच वैशाख सस्त्यात इकला."

मी म्हटलं, बराचसा.

"आन मन उडालं उडालं म्हनून मी बोंबलत बसलो."

त्यांनी पोतं घडी करून बाजूला ठेवलं. "मंग कावून आदी न्हाई बोललास?" मी म्हटलं, बोललो होतो, पण तेव्हा माझ्याकडे नारळ नव्हते. ते हसले. त्या उन्हाळ्यात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होतो, आणि ते हसणं फार टिकलं नाही. त्यांनी विचारलं, "काकाला सूत किती धाडायचं?"

याचं उत्तर मी आधीच ठरवलं होतं. एका मागाचं, पूर्वी जायचं तेवढंच. खप दुप्पट कधीच झाला नव्हता, आणि शून्यावरही आला नव्हता. पौषात नेलेलं लोकांच्या घरात आहे, ते नेसून होईल, पुढच्या लग्नांना पुन्हा लागेल. मांडणीवर साचलेलं दिवाळीपर्यंत आणि पुढच्या माघात हळूहळू जाईल. पण दुसऱ्या मागाला सूत नाही. दुसरा माग पौषाच्या गर्दीनं घातला होता आणि ती गर्दी खरी नव्हती.

दादा म्हणाले, "दुसरा माग मी घालाया लावला."

मी म्हटलं, हो.

संध्याकाळी ते स्वतः सुताचं गाठोडं घेऊन निघाले. मी बरोबर जातो म्हटलं, तर नको म्हणाले. काकांच्या घरी काय बोलणं झालं ते त्यांनी मला सगळं कधी सांगितलं नाही. एवढंच कळलं की सूत पाहून काकी आत गेल्या आणि बाहेर आल्या नाहीत. बाजाराला अजून अवकाश होता, पण मुलगा आदल्या दिवशीच गेला होता. साडूकडून गाडी आली, जागा होती, तो बसला. आईनं अडवलं नाही, कारण घरात सूत नव्हतं आणि तो रोज रिकाम्या खड्ड्याच्या काठावर बसून राहायचा. काका म्हणाले, एक माग चालू राहणार असेल तर आम्ही दोघं राहतो. सगळ्यांनी जायचं ते राहिलं. मुलाला परत बोलवा, असं दादा म्हणाले असतील किंवा नसतील. म्हणाले असते तरी त्याला परत येऊन बसायला माग नव्हता, हे त्यांनाच आधी कळलं असणार. मुलाचं लग्न पुढे सोलापुरातच झालं. बस्ता तिकडंच बांधला.

त्या सालच्या दिवाळीला लोक नेहमीसारखे आले. पुढच्या माघात गठ्ठे पुन्हा जाड झाले, दोन्ही काठांचे. साचलेलं कापड निघालं. दादांनी मला त्याबद्दल काही म्हटलं नाही, फक्त एका बस्त्याला दोरी कमी पडली तेव्हा दुसरी दोरी माझ्याकडे फेकून म्हणाले, "घ्या मास्तर." पौषात मग आम्ही लग्नाच्या कापडाला हात लावला नाही. धनगर गंगेवर उतरले की लेकरांच्या अंगरख्यांचं आणि घोंगडीखाली घालायच्या जाडसर कापडाचं थोडं स्वस्तात काढायचं, तेही दवंडी न देता. ते दरवर्षी येतात. कधी नवं काही काढायचं ठरलं की दादा दवंडी अर्ध्याच गावांना पाठवायचे, उरलेल्यांना मुद्दाम नाही, आणि मग दोन्हीकडं काय होतं ते बघत बसायचे. लोकांना वाटायचं की कंजूषपणा करतात. ते कुणाला समजावून सांगत नसत.

पण काकांच्या घरावरून जायचं टाळायचे ते. बाजाराला जायचं तर देवळाच्या अंगानं वळसा घालायचे. सूत मी नेऊन द्यायचो. काकांनी कधी काही बोलून दाखवलं नाही. दादांच्या तेराव्याला ते आले, पंगतीत बसले, निघताना म्हणाले, "तुजा भाऊ वाईट न्हवता, लेका. त्याला गर्दी लई आवडायची."

मी कालच त्यांच्याकडे सूत देऊन आलो. दुकान आहे. काकांचा एक माग चालू आहे. गोठ्यातल्या दुसऱ्या मागाचा खड्डा अजून बुजवलेला नाही. काकी त्यात सरपण ठेवतात.